रनअराउंड कॉइल आणि मुंबईची हवा: आयसोलेशन वॉर्डसाठी घ्यावी का?

प्रश्न: आमच्या रुग्णालयात दहा खोल्यांचा आयसोलेशन वॉर्ड होतोय, शंभर टक्के फ्रेश एअर. व्हेंडर हीट व्हील घ्या म्हणतो, सल्लागार रनअराउंड कॉइल म्हणतात. एक्झॉस्टची हवा सप्लायमध्ये जराही मिसळता कामा नये. मुंबईत या कॉइलने खरंच वीज वाचते का, आणि घेताना काय काय बघायचं?

उत्तर:

हीट व्हीलला सरळ नाही म्हणा. ते चाक एक्झॉस्ट आणि सप्लाय या दोन्ही हवांतून फिरत एकीची उष्णता दुसरीला देतं. फिरताना त्याच्या बारीक छिद्रांत अडकलेली एक्झॉस्टची थोडी हवा पलीकडे सप्लायच्या बाजूला जातेच. व्हेंडर ‘पर्ज सेक्टर’ दाखवेल, म्हणजे ती अडकलेली हवा ताज्या हवेने परत एक्झॉस्टकडे ढकलणारा चाकाचा भाग. तो चांगला असतो, पण दोन्ही बाजूंचे दाब ठरवल्याप्रमाणे राहिले तरच. सप्लायच्या बाजूचा फिल्टर तुंबला की दाबांचं गणित बदलतं आणि गळतीची दिशाही उलटू शकते. कडेची सील झिजतात ते वेगळंच. प्लेटचा एक्स्चेंजर फिरत नाही हे खरं, पण तिथेही दोन हवा एकाच पेटीत, पातळ पत्र्याच्या दोन बाजूंना असतात आणि सांधे काही जन्मभर घट्ट राहत नाहीत. क्षयरोगाचा रुग्ण आत असताना अशा सांध्यावर भरवसा कोण ठेवणार?

रनअराउंडमध्ये एक कॉइल एक्झॉस्टच्या डक्टमध्ये, दुसरं फ्रेश एअरच्या वाटेवर, आणि दोन्हींना जोडणारे दोन पाइप व एक पंप. त्यांतून फिरणारं पाणी एका हवेची उष्णता दुसरीकडे नेतं. हवा हवेला कुठेच भेटत नाही. कॉइलला भोक पडलंच तर दाबाखालचं पाणी बाहेर येईल, हवा पाइपातून पलीकडे जाणार नाही. शिवाय एक्झॉस्ट गच्चीवर आणि फ्रेश एअर गार करून आत पाठवणारा एएचयू दुसऱ्या मजल्यावर असला तरी चालतं, जे मुंबईतल्या दाटीच्या इमारतींत फार सोयीचं पडतं. मात्र गच्चीवरच्या एक्झॉस्टचं तोंड फ्रेश एअरच्या जाळीजवळ आलं, तर हे सगळं केलेलं फुकट जातं. ते अंतर आधी बघा.

आता विजेचं. इथे मात्र हिशोब मांडल्याशिवाय हो म्हणू नका, कारण ही पद्धत थंड देशांत जितकं देते तितकं मुंबईत देत नाही. तिकडे आत २२ आणि बाहेर उणे ५ असतं, म्हणजे २७ अंशांचा फरक. आपल्याकडे आत २४, बाहेर ३२. फरक जेमतेम ८ अंशांचा.

तुमच्या दहा खोल्या प्रत्येकी साधारण १४ चौरस मीटरच्या आणि ३ मीटर उंचीच्या धरू. तासाला १२ वेळा हवा बदलायची म्हटलं तर एकूण ५,००० घनमीटर प्रतितास हवा लागते. खोल्यांत ऋण दाब हवा म्हणून एक्झॉस्ट सप्लायपेक्षा थोडा जास्त राहील, पण हिशोबापुरते दोन्ही सारखे धरतो. जूनच्या दमट दिवशी बाहेर ३२ अंश आणि वेट बल्ब, म्हणजे ओलं करून हवा जास्तीत जास्त जिथवर गार होते ते तापमान, २७.५ असेल, तर ही हवा १२.५ अंशांपर्यंत थंड आणि कोरडी करायला सुमारे ८० किलोवॅट शीतन लागतं, म्हणजे २३ टन. यातला मोठा वाटा बाष्प काढण्यात जातो, तापमान उतरवण्यात नाही. आणि साधी रनअराउंड कॉइल फक्त तापमानाचीच देवाणघेवाण करते.

५० टक्के कार्यक्षमतेची कॉइल जोडी ८ अंशांतले ४ परत मिळवून देईल. फ्रेश एअर ३२ वरून २८ वर येईल आणि हाती लागतील ६.५ किलोवॅट, म्हणजे १.८ टन. एअर कूल्ड चिलर टनाला १.१ किलोवॅट घेतो असं धरलं तर २ किलोवॅट वीज वाचली. पण दोन्ही कॉइलांतून हवा ढकलायला पंख्यांना जास्तीची वीज लागते. प्रत्येक कॉइलचा अडथळा १२० पास्कल धरला तर दोन्हींचे मिळून ०.६ किलोवॅट, वर पंपाचे पाव किलोवॅट. म्हणजे ३२ अंशांना निव्वळ बचत १.१ किलोवॅटच्या आसपास, आणि बाहेर साडेसत्तावीस अंश झाले की ती शून्यावर येते. मुंबईचं वर्षाचं सरासरी तापमानच २७ अंशांच्या आसपास आहे. याचा अर्थ वर्षातले साधारण निम्मे तास ही कॉइल काहीच कमावत नाही, आणि पंख्यावरचा तिचा बोजा मात्र चोवीस तास चालू. नुसती साधी कॉइल बसवून ‘ऊर्जा बचत’ असा फलक लावायचा असेल तर माझं मत सरळ आहे: पैसे वाचवा.

पण एक्झॉस्ट ओला केला की चित्र बदलतं. मुंबईत कूलर चालत नाही हे आपण सगळेच जाणतो, कारण बाहेरची हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. तुमच्या वॉर्डातून बाहेर फेकली जाणारी हवा मात्र तशी नसते. ती २४ अंश आणि ५५ टक्के आर्द्रतेची असते, भर पावसाळ्यातही, कारण तिच्यातलं बाष्प तुम्ही चिलरला पैसे मोजून काढलेलं असतं. तिचा वेट बल्ब १८ च्या थोडा खाली येतो. एक्झॉस्टच्या कॉइलच्या आधी कूलरमध्ये असतं तसं ओलं पॅड लावलं, तर हवा कॉइलवर पोहोचेपर्यंत १९ अंशांवर उतरते. आता फरक ८ अंशांचा राहिला नाही, १३ चा झाला. त्याच कॉइलने ६.५ च्या जागी साडेदहा किलोवॅट मिळतात, म्हणजे ३ टन. पॅडचा अडथळा धरूनही खर्च १ किलोवॅटच्या आत राहतो आणि वाचतात ३.३. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऑगस्टमधल्या रात्री बाहेर २६ असताना साधी कॉइल निरुपयोगी ठरते, तेव्हाही इथे ७ अंशांचा फरक शिल्लक असतो.

एक्झॉस्ट तर बाहेरच टाकायचा आहे, तेव्हा त्यात बाष्प वाढलं म्हणून काही बिघडत नाही.

पॅडला लागणारं पाणी तासाला १२ लिटरच्या आसपास. ते पालिकेच्या नळाचं घ्यायची गरज नाही. वरच्या हिशोबात एएचयूच्या शीतन कॉइलवरून तासाला ७० लिटर पाणी गळतं, जे आपण एरवी मुकाट्याने गटारात सोडतो. ते बाहेरच्या हवेतलं पाणी आहे, रुग्णांच्या खोलीतलं नाही, आणि त्यात क्षार जवळपास नसल्याने पॅडवर पांढरा थरही बसत नाही. एक छोटा पंप ते गच्चीवर नेईल. फक्त ते टाकीत साठवून गोल गोल फिरवत बसू नका. गरजेच्या पाचपट पाणी मिळतंय, तर पॅडवरून एकदा गेलेलं सरळ सोडून द्या. साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढवण्यापेक्षा हे बरं.

या सगळ्याचा क्रम नीट लिहून घ्या, कारण साइटवर तो हमखास उलटा होतो. खोल्यांतून येणारी हवा आधी हेपा फिल्टरमधून जाईल, मग पॅड, मग कॉइल, मग पंखा, आणि शेवटी गच्चीवरची उंच चिमणी. हेपा पॅडच्या आधी हवा कारण तो ओला झाला की कामातून जातो, आणि कॉइलच्या आधी हवा कारण कॉइल धुणाऱ्या माणसाने दूषित धुळीत हात घालायचा नसतो. पंखा शेवटी ठेवण्यामागे दोन कारणं. एक तर इमारतीतली सगळी डक्ट ऋण दाबात राहते, कुठे फट पडलीच तर हवा आत ओढली जाते, बाहेर येत नाही. दुसरं, पंख्याची उष्णता हवेला साधारण एक अंश वाढवते, आणि ती कॉइलच्या आधी मिसळली तर जेमतेम मिळवलेल्या फरकातला एक अंश गेला.

पॅडखालच्या ट्रेचा निचरा मात्र याच ऋण दाबामुळे अडतो. तिथे दाब ५०० पास्कलने कमी असेल तर तो ५० मिलिमीटर पाण्याएवढा झाला. निचऱ्याच्या पाइपात पाणी धरून ठेवणारा वळसा असतो, त्या ट्रॅपची खोली त्याहून बरीच जास्त हवी, नाहीतर पाणी खाली जाण्याऐवजी ट्रेमध्ये चढत राहतं आणि एके दिवशी कॉइलवर उडतं.

आता कॉइलच्या आतल्या गोष्टीकडे. इथे सगळ्यात जास्त गफलत होते, आणि ती ड्रॉइंगवर दिसत नाही. या चक्रात पाणी फार थोडं फिरवायचं असतं. हवा एक अंश बदलायला जितकी उष्णता लागते, तितकीच पाणी एक अंश बदलायला लागली की देवाणघेवाण सर्वांत चांगली होते. तुमच्या ५,००० घनमीटर हवेसाठी ते पाणी येतं सेकंदाला ०.३९ लिटर, म्हणजे मिनिटाला २३ लिटर. इतकंच. कंत्राटदाराला ते कमी वाटतं आणि तो मोठा पंप टाकतो. मग पाणी इतक्या वेगाने फिरतं की त्याचं तापमान एखाद्या अंशानेच हलतं, दोन्ही कॉइलांना मधलंच कोमट पाणी मिळतं, आणि जास्त वीज खाऊन कमी उष्णता हलते.

याला जोडूनच सर्किटांचा प्रश्न येतो. व्हेंडर बहुधा नेहमीचं चिल्ड वॉटर कॉइल देतो, ज्यात पाणी वीस-बावीस नळ्यांत एकदम वाटलं जातं. तिथे ते चालतं कारण पाणी भरपूर असतं. इथे ०.३९ लिटर पाणी वीस नळ्यांत विभागलं तर प्रत्येकीत ते रेंगाळतं, नळीच्या भिंतीलगतचा थर ढवळला जात नाही आणि उष्णता आत शिरत नाही. १२ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीची फक्त ४ सर्किटं ठेवली तर वेग सेकंदाला ०.८ ते ०.९ मीटर मिळतो, आणि तो पुरेसा आहे. म्हणून कोटेशनमध्ये नुसती रो आणि फिनची संख्या बघून सही करू नका. सर्किट किती, पाण्याचा वेग किती, आणि पाणी हवेच्या उलट दिशेने जातंय का, हे लेखी मागा. साधारण ८ रो लागतील. पूर्ण जोडीची कार्यक्षमता ५० टक्के हवी असेल तर प्रत्येक कॉइल एकटी ६७ टक्क्यांची असावी लागते, हेही त्यांना सांगा. ‘आमची कॉइल ५० टक्क्यांची आहे’ असं कोणी म्हटलं तर ती एका कॉइलची की जोडीची ते विचारा. दोन्ही ५० च्या असतील तर जोडी ३३ वर येते.

स्पेसिफिकेशनमध्ये ग्लायकॉल लिहिलेलं असेल तर खोडा. ते पाणी गोठू नये म्हणून असतं. मुंबईत जानेवारीच्या पहाटेही पाणी गोठण्याची भीती नाही, आणि ग्लायकॉलने पाणी जाड होऊन उष्णता कमी वाहतं व पंपावर ताण येतो. साधं पाणी आणि गंज रोखणारं रसायन पुरेसं आहे. फ्रेश एअरच्या कॉइलच्या फिनवर मात्र चांगला लेप घ्या. समुद्राची खारी हवा उघड्या ॲल्युमिनियमला काही वर्षांत पांढऱ्या पिठात बदलते.

आपल्या हवेमुळे आणखी दोन गोष्टी लागतात, ज्या बाहेरच्या पुस्तकांत ठळकपणे सापडत नाहीत. जूनच्या त्या दिवशी बाहेरच्या हवेचा दवबिंदू २६ अंश असतो. ओल्या पॅडसह एक्झॉस्ट कॉइलमधून निघणारं पाणी २२ अंशांचं असतं. म्हणजे गच्चीवरून दुसऱ्या मजल्यापर्यंत येणारा तो पाइप चिल्ड वॉटरच्या पाइपासारखा घामेजणार. त्याला नायट्राइलचं इन्सुलेशन सांधे बंद करून लावायलाच हवं, ‘हे तर कोमट पाणी आहे’ म्हणून उघडा सोडायचा नाही. आणि त्याच कारणाने फ्रेश एअरच्या कॉइलवरही पाणी धरतं, म्हणून तिच्याखाली ड्रेन ट्रे हवा. कॉइल फक्त तापमानाची देवाणघेवाण करते असं सांगून व्हेंडर ट्रे वगळतात. पहिल्याच पावसात एएचयूच्या तळाशी डबकं होतं.

पंप चालू-बंद करायचा निकष तापमानाच्या फरकावर ठेवा. बाहेरची हवा एक्झॉस्ट कॉइलच्या तोंडाशी असलेल्या हवेपेक्षा दोन अंशांनी तरी गरम असेल तेव्हाच पंप चालावा. जानेवारीत पहाटे बाहेर १८ अंश असताना पंप चालू राहिला तर तो एक्झॉस्टची उष्णता उचलून फुकट गार असलेल्या फ्रेश एअरमध्ये घालतो आणि चिलर ती परत काढत बसतो. थंड देशांतल्या कंट्रोलमध्ये हीच गोष्ट मुद्दाम करवून घेतात, त्यामुळे तयार प्रोग्रॅम तसाच घेतला तर तो इथे उलटा चालतो.

ताब्यात घेताना महागडं काही लागत नाही. दोन्ही कॉइलांच्या आत-बाहेर पाण्याचं आणि हवेचं तापमान, एकूण आठ वाचनं, एकाच वेळी घ्या. ही तपासणी कोरड्या दुपारी, पॅड बंद ठेवून करा म्हणजे बाष्प मध्ये येणार नाही. बाहेर ३२ आणि आत २४ असताना सगळं ठीक असेल, तर पाणी एक्झॉस्ट कॉइलमधून २६ ला निघतं आणि फ्रेश एअरच्या कॉइलमधून ३० ला परत येतं, आणि हवाही दोन्हीकडे ४ अंशच बदलते. पाण्यातला फरक हवेच्या फरकापेक्षा फार कमी आला, समजा दीड अंश, तर पाणी जास्त फिरतंय, व्हॉल्व्ह आवळा किंवा पंपाचा वेग उतरवा. पाण्यातला फरक जास्त, पण हवा कमीच बदलतेय, तर पाणी कमी पडतंय. दोन्ही फरक सारखे असूनही लहानच असतील तर कॉइलमध्ये दोष आहे, बहुधा सर्किटांचा.

पाणी कमी पडण्याचं नेहमीचं कारण अडकलेली हवा. एक्झॉस्ट कॉइल गच्चीवर, म्हणजे चक्राच्या सगळ्यात उंच जागी असतं, आणि पाण्यातली हवा तिथेच जमते. कॉइलच्या नळ्यांच्या वळणांवर हात ठेवून बघा. खालची वळणं कोमट आणि वरची डक्टमधल्या हवेइतकीच गार लागली तर वर पाणी पोहोचतच नाहीये. हवा सोडायचा व्हॉल्व्ह सगळ्यात वरच्या हेडरवर हवा, आणि एक्स्पान्शन टाकी उघडी असेल तर ती त्याच्याही वर.

एक मर्यादा लक्षात असू द्या. हा सगळा हिशोब एक्झॉस्टची आर्द्रता ५५ टक्के राहील या गृहीतावर आहे. ऋण दाबामुळे खोल्या कुठून ना कुठून हवा ओढणारच. ती वातानुकूलित कॉरिडॉरमधून आली तर ठीक, पण शौचालयाच्या खिडकीच्या फटीतून बाहेरची दमट हवा आली तर एक्झॉस्ट ७० टक्क्यांवर जातो, पॅड त्याला १९ ऐवजी २१ पर्यंतच उतरवतं, आणि बचतीतला बराच भाग गेला. खिडक्या सील करायचा खर्च कॉइलच्या खर्चाशेजारी अगदीच किरकोळ आहे.

आता जे तुम्ही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. तासाला १२ वेळा १२.५ अंशांची हवा सोडली तर १४ चौरस मीटरची खोली गारठते. प्रत्येक खोलीला मिळतं जवळपास १.९ किलोवॅट शीतन, आणि एक रुग्ण, दिवे, एखादं यंत्र मिळून गरज असते एक किलोवॅटच्याही आत. म्हणून सल्लागारांनी एएचयूमध्ये शीतन कॉइलनंतर हीटर दाखवला असणार, हवा साडेअठरापर्यंत परत तापवायला. तो विजेचा असेल तर साडेनऊ किलोवॅट खातो, आणि तेही पावसाळ्यात दिवसरात्र. एक्झॉस्टकडून तुम्ही ३ किलोवॅट वाचवायला निघाला आहात आणि शेजारीच हा बसला आहे.

तो हीटर काढून त्या जागी रनअराउंडचीच दुसरी जोडी लावता येते: एक कॉइल शीतन कॉइलच्या आधी, एक नंतर. आत येणाऱ्या ३२ अंशांच्या हवेची उष्णता उचलून ती १२.५ च्या हवेला द्यायची. इथे फरक साडेएकोणीस अंशांचा आहे आणि गरज फक्त ६ अंशांची, त्यामुळे लहान कॉइलही पुरतं. हीटरचे साडेनऊ किलोवॅट वाचतात आणि चिलरवरचा तेवढाच उष्णतेचा भारही उतरतो. एक्झॉस्टला हातच लागत नाही, म्हणून हवा मिसळण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि गच्चीपर्यंत पाइपही न्यावे लागत नाहीत.

तेव्हा पैसे एकाच जोडीपुरते असतील तर ती एक्झॉस्टमध्ये न घालता शीतन कॉइलच्या दोन बाजूंना घाला. दोन्हींपुरते असतील तर एक्झॉस्टची जोडी ओल्या पॅडसह घ्या, आणि तिचं कॉइल फ्रेश एअरच्या वाटेवर सगळ्यात पुढे, म्हणजे फिल्टरनंतर लगेच बसवा. सल्लागारांना पहिला प्रश्न हाच विचारा: हीटर किती किलोवॅटचा दाखवलाय? आकडा इथे टाकलात तर पुढचं बघू.